सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव: आमच्या डीम्ड कन्व्हेयन्सची अडीच वर्षं

आमची इमारत कर्वेनगरात आहे. तीन मजल्यांच्या दोन विंग, चोवीस सदनिका. १९८७ साली लोकांनी करारनामे केले, १९८९ मध्ये राहायला आले आणि १९९० मध्ये सोसायटीची नोंदणी झाली. मी २०२० पासून सचिव आहे. जुलै २०२१ पर्यंत ‘कन्व्हेयन्स’, म्हणजे जमिनीचा हक्क सोसायटीच्या नावावर करून घेणं, हा शब्द वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी येत होता आणि दरवर्षी तो विषय पुढच्या सभेवर जात होता.

त्या जुलैत आम्ही पहिल्यांदा पुनर्विकासासाठी एका विकसकाला बोलावलं. पिलरना तडे गेले होते, गच्ची गळत होती आणि लिफ्ट नसल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे ज्येष्ठ लोक आठ-आठ दिवस खाली उतरत नव्हते. त्या गृहस्थांनी प्लॅन मागितला नाही की सभासद संख्या विचारली नाही. “जागा कोणाच्या नावावर आहे?” एवढंच विचारलं. अध्यक्षकाका म्हणाले, “आमच्याच. पस्तीस वर्षं टॅक्स भरतोय.” ते शांतपणे म्हणाले, “सातबारा काढून बघा, मग बोलू.”

त्याच रात्री मी digitalsatbara.mahabhumi.gov.in वर बसले. आधी गावच सापडेना. कर्वेनगर असं गाव महसुली नोंदीत नाही, ते ‘हिंगणे बुद्रुक’ आहे. (सिंहगड रस्त्याकडचं हिंगणे खुर्द वेगळं, तिकडे चुकून जाऊ नका.) सर्व्हे आणि हिस्सा नंबर करारनाम्याच्या परिशिष्टातून घेतला, पंधरा रुपये भरले आणि डिजिटल सहीचा उतारा उघडला. क्षेत्र ० हेक्टर २१ आर. भोगवटादार म्हणून तीन भावांची नावं. बिल्डरचं नाव नाही, आमचं तर नाहीच.

त्या क्षणी पोटात गोळा आला, तो आजही आठवतो. मिळकत करात सदनिकेवर आपलं नाव असतं, शेअर सर्टिफिकेट असतं, वीजबिल असतं. यातला एकही कागद जमिनीबद्दल काही सांगत नाही. सदनिका आमच्या, पण इमारत ज्यावर उभी आहे ती जमीन कागदोपत्री अजून मूळ शेतमालकांची. बिल्डरने त्यांच्याशी फक्त विकसन करार केला होता आणि कुलमुखत्यारपत्र घेतलं होतं. सदनिकांच्या मालकीबद्दलच्या १९६३ च्या मोफा कायद्याखाली बिल्डरने जमिनीचा हक्क सोसायटीकडे हस्तांतरित करायचा असतो. करारात मुदत ठरलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. आमचे ते चार महिने १९९० मध्येच संपले होते. पुनर्विकासात वाढणारा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडून आणून वापरता येणारा बांधकामाचा हक्क, हे सगळं जमिनीशी जोडलेलं असतं. म्हणून तो विकसक पहिला प्रश्न जमिनीचा विचारत होता.

(पुण्यात बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून अपार्टमेंट असतं, १९७० च्या कायद्याखालचं. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट असा वेगळा मार्ग आहे. तुमचं नेमकं काय आहे ते आधी तपासा. आमच्या शेजारच्या इमारतीने हे न तपासता वकिलाची फी भरली होती.)

ऑगस्ट २०२१ मध्ये विशेष सभा घेतली. ठराव तिथेच झाला, पण एक भीती दोन तास चर्चेत फिरत राहिली: आता परत सगळ्या जमिनीवर स्टॅम्प ड्युटी भरावी लागणार का? त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. आता देता येतं, ते पुढे सांगते.

मग आधी बिल्डरला गाठलं. सरळ कन्व्हेयन्स मिळाला तर ते कधीही चांगलं, कारण त्यात सुनावणी नसते. मूळ बिल्डर वारले होते, मुलगा व्यवसाय बघत होता. तो दोनदा भेटला, चहा दिला, “करून देतो” म्हणाला. तिसऱ्या भेटीत म्हणाला की मागच्या बाजूची थोडी जागा आमची आहे, ती सोडून बाकीचं करून देतो. मागच्या बाजूला आमचं पार्किंग आहे. नोव्हेंबरमध्ये वकिलांनी त्याला आणि सातबाऱ्यावरच्या तिन्ही भावांच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ही नोटीस आणि तिच्या पोचपावत्या जपून ठेवा. अर्जासोबत त्या लागतात, आणि परत आलेलं बंद पाकीट हाही पुरावा असतो. ते उत्सुकतेने फोडू नका.

सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ कागद गोळा करण्यात गेला, आणि सगळ्यात जास्त दमवणारा भाग हाच होता. सोसायटी नोंदणीचं प्रमाणपत्र, सभासदांची यादी, ठराव, ताजा सातबारा, बिनशेती आदेश, विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्राच्या नकला, महापालिकेचा मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभपत्र, जमिनीचा सर्च रिपोर्ट, आर्किटेक्टचं क्षेत्रफळाचं सर्टिफिकेट आणि प्रत्येक सदनिकेच्या कराराचा इंडेक्स टू, म्हणजे करार नोंदल्याचा उतारा. भोगवटापत्र आमच्याकडे होतं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी तिथेच हातपाय गाळू नयेत, त्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची सोय शासनाने केलेली आहे.

चोवीसपैकी एकोणीस इंडेक्स टू घरोघरी मिळाले. चार दुय्यम निबंधकांकडे शोध घेऊन काढले. उरलेली अकरा नंबरची सदनिका. तिथल्या काकूंनी लोखंडी कपाटातून काढलेला करारनामा व्यवस्थित प्लास्टिकमध्ये ठेवलेला होता, पण तो पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर होता आणि कधी नोंदलेलाच नव्हता. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. “म्हणजे हे घर माझं नाही का गं?” त्यांनी विचारलं, तेव्हा मला काही सुचलं नाही. वकिलांनी समजावलं की घर त्यांचंच आहे, ताबा आहे, सभासदत्व आहे, पण मुद्रांक शुल्काची तूट भरावी लागेल. १० डिसेंबर १९८५ पासून ताब्यासह होणारा सदनिकेचा करार खरेदीखतासारखा मानून त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं, आणि काकूंचा करार १९८७ चा होता. तूट लहान होती. दंड मात्र दर महिन्याला दोन टक्के असतो. पस्तीस वर्षांत तो तुटीच्या किती पट झाला असता कोण जाणे, पण कायद्यात त्याला कमाल मर्यादा आहे. ती रक्कम काकूंनी आणि सोसायटीने निम्मी निम्मी भरली, तसा ठरावच केला. माझा आग्रह आहे की कन्व्हेयन्सचा विचार मनात आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे इंडेक्स टू बघा. एकाचा कागद अपुरा असला तर मुद्रांक कार्यालयात सगळ्यांची फाइल थांबते.

या काळात आर्किटेक्ट मॅडमनी जे शोधलं, त्यावर पुढची सगळी लढाई उभी राहिली. आमच्याकडे जमिनीचे तीन आकडे होते. सातबाऱ्यावर २१ आर, म्हणजे २१०० चौरस मीटर. करारनाम्याच्या परिशिष्टात ‘सुमारे १८ गुंठे’. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे १८ गुंठ्यांचे झाले १८२१. आणि मंजूर नकाशाच्या कोपऱ्यातल्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात: एकूण २१००, वजा रस्तारुंदीखाली १५०, निव्वळ १९५०. बिल्डरचा मुलगा म्हणत होता ती ‘थोडी जागा’ म्हणजे १९५० आणि १८२१ मधला फरक, १२९ चौरस मीटर. आमचं अख्खं मागचं पार्किंग.

मार्च २०२२ मध्ये नमुना ७ मधला अर्ज, दोन हजार रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल केला. या कायद्याखाली सक्षम प्राधिकारी तेच. बिल्डर सही करत नसला तरी प्राधिकाऱ्यांच्या आदेशाने कन्व्हेयन्स मिळतो, तो डीम्ड कन्व्हेयन्स; ही तरतूद मोफाच्या कलम ११ मध्ये २००८ साली आली. त्याआधी बिल्डर टाळत असेल, तर सोसायटीला दिवाणी कोर्टात किंवा ग्राहक मंचात जावं लागे. कायद्यात निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. आमचे सात गेले, कारण एक तारीख समोरच्यांनी मागून घेतली आणि एका भावाची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली, म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली.

सुनावणीचा तो पहिला दिवस मी विसरणार नाही. मी आणि अध्यक्षकाका बाकावर बसलो होतो. शेजारी साधारण पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ येऊन बसले आणि नोटीस दाखवून म्हणाले, “ही आमच्या आजोबांच्या नावावर आलीय, तुम्हीच का त्या सोसायटीतल्या?” मला वाटलं, झालं, आता वारसांची हरकत. ते जमिनीच्या मूळ मालकांचे नातू होते. तीन भावांपैकी दोघे वारले होते आणि वारसनोंदच झालेली नव्हती. ते आत गेले आणि म्हणाले, “आमच्या घरच्यांना विकसन कराराचे पैसे तेव्हाच मिळालेत. आमची काही हरकत नाही, पण रस्त्यात गेलेल्या जागेबद्दल आम्ही आज काही बोलत नाही.” ते लिहून घेतलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी काकांना नमस्कार केला. त्यांचे आजोबा तिथे ज्वारी करायचे, असं म्हणाले. वारस सापडत नाहीत म्हणून अर्ज अडत नाही. ज्ञात वारसांना नोटीस आणि बाकीच्यांसाठी जाहीर नोटीस, एवढी काळजी घ्यावी लागते. पण माणूस शोधून आधीच बोललं, तर अर्धी भीती कमी होते. आम्ही बोललो नव्हतो, ती चूकच झाली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेला बिल्डरच्या वकिलांनी मुद्दा मांडला: करारात १८ गुंठेच लिहिलंय, प्राधिकाऱ्यांना करारापलीकडे जाता येत नाही. हे म्हणणं निव्वळ उडवण्यासारखं नव्हतं. सक्षम प्राधिकारी जमिनीच्या मालकीचा वाद निकाली काढत नाहीत. करार आणि मंजूर नकाशा यांनुसार सोसायटीचा हक्क काय बनतो, एवढंच बघतात. बाकी वाद असेल तर दिवाणी कोर्ट. म्हणून आमच्या वकिलांनी मालकीबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी दोनच गोष्टी दाखवल्या.

पहिली, त्याच परिशिष्टातल्या चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तर-दक्षिणेस शेजारचे हिस्से. ‘सुमारे’ लिहिलेला आकडा आणि ठाम लिहिलेल्या सीमा यांत फरक पडला, तर सीमा धरल्या जातात. पश्चिमेस ओढा असेल तर पार्किंग आतच येतं, कारण पार्किंगच्या भिंतीपलीकडे ओढाच आहे.

दुसरी गोष्ट नकाशातला तोच तक्ता. त्या काळी आमच्या भागात एक चटईक्षेत्र निर्देशांक होता. निव्वळ जमीन १९५० असेल, तर १९५० चौरस मीटर बांधता येई. मंजूर बांधकाम होतं १९३७. म्हणजे बिल्डरने परवानगी घेताना मागची ती जागा जमीन म्हणून मोजली होती आणि तिचं बांधकाम आमच्या चोवीस सदनिकांत वापरूनही टाकलं होतं. जमीन जर १८२१ च असती, तर महापालिकेने १९३७ ला मंजुरी दिलीच नसती. आर्किटेक्ट मॅडमच्या सर्टिफिकेटमध्ये हा हिशेब अर्ध्या पानात होता. ते वाचून दाखवलं जात असताना खोलीत कोणी काही बोललं नाही.

तुमच्या नकाशावरचा हा तक्ता आजच काढून बघा. सोसायटीकडे नकाशा नसेल तर महापालिकेत अर्ज करून प्रमाणित प्रत मिळते, वेळ लागतो. आमच्या बाबतीत हा एक कागद सगळ्यात उपयोगी ठरला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश आला: १९५० चौरस मीटर, एकतर्फी अभिहस्तांतरणाचं, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचं, प्रमाणपत्र. त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. मीही आनंदात होते, आणि मला वाटलं काम संपलं. खरं तर पुढे आणखी सव्वा वर्ष जायचं होतं.

आदेश म्हणजे खरेदीखत नव्हे. आदेशानुसार दस्ताचा मसुदा करून तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे ॲडज्युडिकेशनला न्यावा लागतो. सभासदांनी सदनिका घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क इथे जमेस धरलं जातं. सगळ्यांचं नीट भरलेलं असेल तर आमच्या वेळी दस्त शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होत होता. शिल्लक चटईक्षेत्र असेल तर मात्र त्याच्या बाजारमूल्यावर शुल्क लागतं. आमचं शिल्लक होतं १९५० वजा १९३७, तेरा चौरस मीटर. तेवढ्यावरचं शुल्क भरलं. सभेतल्या त्या दोन तासांच्या भीतीचं उत्तर हे तेरा चौरस मीटर होतं. एप्रिल २०२३ मध्ये ते काम संपलं.

मग सक्षम प्राधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने बिल्डरच्या जागी दस्तावर सही केली. दुय्यम निबंधकांनी बिल्डरला आणखी एकदा समन्स काढलं, दस्त का नोंदवू नये ते सांगण्यासाठी. तो आला नाही. जून २०२३ मध्ये दस्त नोंदला गेला. सोसायटीतर्फे अध्यक्षकाका आणि मी सही-अंगठा दिला. त्यांचं बोट त्या मशीनवर काही उमटेना, पाचव्यांदा उमटलं.

अनेक सोसायट्या इथे थांबतात. नोंदलेला दस्त बँकेच्या लॉकरमध्ये जातो आणि सातबाऱ्यावर जुनीच नावं राहतात. उद्या मूळ मालकांच्या घरात वारसनोंद झाली, तर आणखी दहा नावं त्याच जमिनीवर चढतात. मग पुढचा खरेदीदार किंवा बँक दस्त बघायच्या आधी उताराच बघते. म्हणून जुलैतच फेरफारासाठी अर्ज दिला. संबंधितांना नोटिसा, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडल अधिकाऱ्यांकडून प्रमाणन. आमचं अडलं पुन्हा आकड्यावरच. सातबारा २१ आरचा, दस्त १९.५० आरचा, मग उरलेल्या दीड आरचं काय? ती रस्त्याची जागा, हे नकाशावरून दाखवलं. तरी दोनदा खुलासा द्यावा लागला. आदेशाचा मसुदा तयार होताना रस्त्यात गेलेलं क्षेत्र वेगळं नमूद करून घ्या, म्हणजे हे चार महिने वाचतील. आमच्या आदेशात फक्त निव्वळ क्षेत्र होतं.

खर्चाचं विचाराल तर वकील १,८०,०००, आर्किटेक्ट ३०,०००, सर्च रिपोर्ट १५,०००, जाहीर नोटीस ११,०००, नकला-टायपिंग-कोर्ट फी २४,०००, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ३५,०००, फेरफाराच्या वेळचा १७,०००. एकूण ३,१२,०००, म्हणजे सदनिकेमागे १३,०००. अकरा नंबरची तूट आणि दंड यात धरलेला नाही. कोटेशन्स मात्र आम्हाला सदनिकेमागे पंचवीस हजारांपर्यंतची आली होती. कोटेशन घेताना ‘सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत’ हे शब्द लिहून घ्या. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये काम आदेशापाशी संपत होतं.

१७ जानेवारी २०२४ ला सकाळी मी परत पंधरा रुपये भरून उतारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात सोसायटीचं पूर्ण नाव आणि समोर ०.१९.५० होतं. खाली ०.०१.५० समोर त्या तीन भावांची नावं अजून आहेत. तो रस्त्याचा तुकडा वेगळा करण्यासाठी पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज आम्ही दिला आहे. प्रिंट घेऊन मी आधी अकरा नंबरला गेले. काकूंनी चष्मा लावला, आपल्या सदनिकेचा नंबर शोधला आणि तो कुठेच नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. मी सोसायटीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “काकू, यात तुम्ही आहात.” त्यांनी तो कागद करारनाम्याच्या प्लास्टिकमध्ये ठेवायला मागून घेतला. मी दुसरी प्रत काढली.